हॉरोविट्झ, साहनी आणि दोन टोकांची दोन बोटं

मंडळी, भारतात ज्यांनी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय त्यातल्या बऱ्याच जणांना 'हॉरोविट्झ-साहनी' हे एकाच माणसाचं नाव वाटत असतं. गलगोटियाची आवृत्ती, पिवळट कागद, आणि आत 'स्पार्क्स' नावाच्या कुठेच न चालणाऱ्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम. १९७६ साली निघालेलं 'फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्स' हे ते पुस्तक. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याची पानं उलटलेले लोक आज अनेक कंपन्यांत मॅनेजर झालेत.

पण हॉरोविट्झ आणि साहनी ही दोन वेगळी माणसं. एलिस हॉरोविट्झ हे कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते, आणि सरताज साहनी त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. साहनींचा जन्म १९४९ चा, आणि तो चक्क पुण्यातला. पुढे आयआयटी कानपूर, मग कॉर्नेल, तिथे १९७३ ला पीएचडी. नंतर ते आधी मिनेसोटा आणि मग फ्लोरिडा विद्यापीठात प्राध्यापक झाले. आजचा विषय मात्र त्यांचं पुस्तक नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल १९७४ मध्ये, 'जर्नल ऑफ द एसीएम' मध्ये दोघांचा मिळून एक पेपर आला होता. त्यातली एक युक्ती तुम्ही आम्ही सगळ्यांनी इंटरव्ह्यूमध्ये वापरलेली आहे. तिने केवढं मोठं काम केलंय हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

आधी ती इंटरव्ह्यूवाली आवृत्ती बघू, म्हणजे सगळे एका पानावर येतील.

प्रश्न नेहमीचाच: आकड्यांची एक यादी दिली आहे आणि एक बेरीज दिली आहे. यादीतले असे दोन आकडे शोधा की त्यांची बेरीज तेवढी भरेल. सरळसोट उपाय म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून बघायची. १००० आकडे असतील तर जवळपास ५ लाख जोड्या होतात. शहाणा उपाय असा: आधी यादी चढत्या क्रमाने लावायची. मग एक बोट सगळ्यात लहान आकड्यावर ठेवायचं, दुसरं सगळ्यात मोठ्यावर. बेरीज कमी पडली तर डावं बोट एक घर पुढे, जास्त झाली तर उजवं बोट एक घर मागे.

```python
def jodi(a, s):
    a = sorted(a)
    i, j = 0, len(a) - 1
    while i < j:
        t = a[i] + a[j]
        if t == s:
            return a[i], a[j]
        if t < s:
            i += 1
        else:
            j -= 1
    return None
```

हे चालतं हे सगळ्यांना माहीत असतं. का चालतं असं विचारलं की निम्मे लोक चाचपडतात. कारण तसं एका वाक्याचं आहे. डाव्या बोटाखालच्या आकड्याला उरलेल्यांपैकी सगळ्यात मोठा जोडीदार देऊनसुद्धा बेरीज कमी पडली, तर त्याला आता कोणीही जोडीदार दिला तरी ती कमीच पडणार. म्हणजे तो आकडा कायमचा बाद. तसंच उजव्या बाजूला: सगळ्यात लहान जोडीदार देऊनही बेरीज जास्त होत असेल, तर तो मोठा आकडा कायमचा बाद. थोडक्यात, एका तुलनेत एक जोडी नाही तर एका आकड्याच्या उरलेल्या सगळ्या जोड्या एकदम कटाप होतात. म्हणून १००० आकड्यांत फार तर ९९९ तुलना. हे सगळं उभं आहे ते फक्त क्रमावर. यादी क्रमाने लावलेली नसेल तर 'उरलेल्यांपैकी सगळ्यात मोठा' बोटाखाली असेलच याची काही खात्री नाही, आणि मग बाद करण्याचा हक्कही नाही.

बरं, आता १९७४ कडे जाऊ. त्याआधी दोनच वर्षं, १९७२ मध्ये, रिचर्ड कार्पने आपली ती प्रसिद्ध २१ अवघड प्रश्नांची यादी छापली होती. एनपी-कम्प्लीट म्हणतात ते हेच प्रश्न. त्या यादीत एक होता नॅपसॅक. कार्पने मांडलेलं त्याचं रूप आपण आज सबसेट सम या नावाने ओळखतो: n आकडे दिलेत, त्यातले काही निवडा, दोनच नाही तर कितीही, आणि बेरीज बरोब्बर M झाली पाहिजे. हे शक्य आहे का?

हा प्रश्न आपल्या अकाउंट्सवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. एका गिऱ्हाईकाची २० बिलं बाकी आहेत. एक दिवस बँकेत एक ठोक रक्कम जमा होते, सोबत कुठली चिठ्ठी नाही, तपशील नाही. कुठल्या बिलांचे पैसे आले? प्रत्येक बिलाला 'हो' किंवा 'नाही' असे दोन पर्याय, म्हणजे २० बिलांचे १०,४८,५७६ प्रकार. ४० बिलं असतील तर २ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी.

१९५० च्या दशकापासून बेलमनचं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हाताशी होतं, पण त्याचा वेळ रकमेच्या आकाराबरोबर वाढतो. रक्कम पाच-सहा आकडी असेल तर ठीक. आकडे पंधरा-वीस अंकी झाले की त्याचाही दम निघतो. आणि कार्पच्या निकालानंतर झटपट उत्तर सापडेल ही आशाही मावळत चालली होती. हॉरोविट्झ आणि साहनी यांनी झटपट उत्तराचा हट्ट सोडला आणि वेगळा प्रश्न विचारला: घातांकी तर घातांकी, पण तो घातांक निम्मा करता येईल का?

त्यांनी काय केलं? आकड्यांचे दोन समान गट पाडले. पहिल्या गटातल्या निवडींच्या जेवढ्या बेरजा होऊ शकतात त्यांची एक यादी केली, दुसऱ्या गटाची दुसरी. आता पूर्ण उत्तर म्हणजे काय, तर पहिल्या यादीतली एक बेरीज अधिक दुसऱ्या यादीतली एक बेरीज बरोबर M. म्हणजे 'कितीही आकडे निवडा' हा भयंकर प्रश्न 'दोन आकडे निवडा' या आपल्या इंटरव्ह्यूवाल्या प्रश्नात बदलला! याद्या क्रमाने लावा, एका यादीच्या तळाशी एक बोट, दुसरीच्या टोकाशी दुसरं.

हातानेच करून बघू. सहा बिलं आहेत, हजार रुपयांत: ८, १३, १९, २४, ३३, ४५. बँकेत आलेत ९६ हजार. पहिला गट ८, १३, १९ आणि दुसरा गट २४, ३३, ४५.

पहिल्या गटाच्या आठ बेरजा चढत्या क्रमाने: ०, ८, १३, १९, २१, २७, ३२, ४०. दुसऱ्या गटाच्या आठ: ०, २४, ३३, ४५, ५७, ६९, ७८, १०२. (शून्य विसरायचं नाही बरं का. शून्य म्हणजे 'या गटातलं एकही बिल नाही', आणि तोही एक वैध पर्याय आहे.)

आता डावं बोट पहिल्या यादीच्या ० वर, उजवं बोट दुसरीच्या १०२ वर. ० + १०२ = १०२, जास्त. उजवं बोट ७८ वर. ० + ७८ = ७८, कमी. डावं बोट ८ वर: ८६, कमी. १३ वर: ९१, कमी. १९ वर: ९७, अरेरे, एकाने जास्त. उजवं बोट ६९ वर: १९ + ६९ = ८८, कमी. डावं २१ वर: ९०, कमी. डावं २७ वर: २७ + ६९ = ९६. सापडलं! २७ म्हणजे ८ आणि १९, ६९ म्हणजे २४ आणि ४५. चार बिलं चुकती झाली, १३ आणि ३३ ची दोन अजून बाकी.

एकूण तुलना झाल्या आठ. जोड्या होत्या ६४. आणि उत्तर नसतं तरीसुद्धा जास्तीत जास्त १५ तुलनांत 'नाही' असं छातीठोक सांगता आलं असतं, कारण प्रत्येक तुलनेत कुठलं तरी एक बोट सरकतंच आणि घरं एकूण १६.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. वर मी 'याद्या क्रमाने लावा' असं सहज लिहून गेलो. ४० आकड्यांसाठी प्रत्येक यादी २ चा २० वा घात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. ती बनवून मग सॉर्ट करायची म्हटली तर अंदाजे २ कोटी तुलना. पण हॉरोविट्झ-साहनींच्या पद्धतीत सॉर्ट कधी करावंच लागत नाही. याद्या जन्मतःच क्रमाने लागलेल्या असतात!

कसं ते बघा. सुरुवातीला यादीत फक्त ०. त्यात ८ हा आकडा आणायचा, तर जुनी यादी तशीच ठेवा आणि तिच्या प्रत्येकात ८ मिळवलेली एक नवी प्रत काढा: ० आणि ८. आता १३. जुनी यादी ०, ८. नवी प्रत १३, २१. दोन्ही आपापल्या जागी क्रमाने आहेतच, कारण सगळ्यांत एकच आकडा मिळवल्याने क्रम बिघडत नाही. दोन्ही मर्ज केल्या: ०, ८, १३, २१. आता १९. नवी प्रत १९, २७, ३२, ४०. पुन्हा मर्ज: ०, ८, १३, १९, २१, २७, ३२, ४०. झाली यादी तयार. प्रत्येक वेळी यादी दुप्पट होते, म्हणून एकूण काम २ + ४ + ८ असं वाढत जाऊन शेवटच्या यादीच्या जेमतेम दुप्पट भरतं. २ कोटींच्या जागी सुमारे २१ लाख. दहावा हिस्सा.

हिशोबासाठी सेकंदाला १० लाख पायऱ्या करणारं मशीन धरू. ४० आकड्यांचे सगळे प्रकार तपासायला त्याला साधारण १३ दिवस लागतील. दोन याद्या बनवून दोन बोटं चालवायला सहा-सात सेकंद. १३ दिवसांचं काम चहा ओतून होईपर्यंत!

इथे कोणीतरी हात वर करणारच: "अहो, पण हॅश टेबल वापरलं तर सॉर्टची भानगडच नको!" प्रश्न रास्त आहे. नुसत्या दोन आकड्यांच्या प्रश्नात, यादी आधीपासून लावलेली नसेल तर, हॅश टेबल खरंच सरस ठरतं. एकदा यादीवरून जायचं आणि प्रत्येक आकड्याचा हवा तो जोडीदार आधी येऊन गेलाय का ते विचारायचं. पण हॅश टेबलला फक्त 'बरोब्बर एवढाच आहे का' हे विचारता येतं. 'याच्यापेक्षा कमी, पण सगळ्यात जवळचा कुठला' हे विचारता येत नाही, कारण हॅश करताना आपण क्रमच फेकून दिलेला असतो.

आणि मूळ नॅपसॅक हा नेमका जवळच्याचाच प्रश्न आहे. पिशवी १५ किलो पेलते, प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि किंमत आहे. वजन १५ च्या आत राहून किंमत जास्तीत जास्त करायची. वजन बरोब्बर १५ भरलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. इथेही दोन गट पाडायचे, प्रत्येक निवडीचं वजन आणि किंमत अशी नोंद करायची आणि वजनाच्या क्रमाने यादी लावायची. मग यादीवरून एक झाडू फिरवायचा: एखादी नोंद आधीच्या नोंदीपेक्षा जड असून किंमत मात्र जास्त नसेल तर तिला काढून टाका. जड आणि वर स्वस्त, तिला कोण घेणार? झाडू फिरला की उरलेल्या यादीत वजनाबरोबर किंमतही चढतच जाते. आता डावं बोट हलक्याकडून जडाकडे सरकतं, आणि उजवं बोट दुसऱ्या यादीत दोघांचं वजन पिशवीत मावेपर्यंत खाली येतं. जिथे थांबेल तिथे डाव्याचा सगळ्यात चांगला जोडीदार. प्रत्येक थांब्यावरची किंमत बघत जायची, सगळ्यात मोठी ती लक्षात ठेवायची. पूर्ण उत्तर एका फेरीत मिळतं.

आता दुखरी बाजू. वेळ निम्म्या घातांकावर आला, पण मेमरीचं काय? साडेदहा लाखांच्या दोन याद्या ठेवायच्या म्हणजे १९७४ च्या बहुतेक मशीन्सच्या मेन मेमरीचा जीवच जायचा. आजही हे दुखणं गेलेलं नाही, फक्त पुढे सरकलंय. ६० आकडे घ्या. प्रत्येक यादीत १०७ कोटी बेरजा, ८ बाइटची एक म्हटली तरी यादीला ८ जीबीच्या वर, दोन याद्या १६ जीबीच्या वर. सेकंदाला १०० कोटी पायऱ्या करणारा सीपीयू हे काम काही सेकंदांत उरकेल, पण लॅपटॉपची मेमरी आधी संपेल.

इथे गोष्टीत पुढची दोन पात्रं येतात: रिचर्ड श्रोपेल आणि अदी शमीर. हो, आरएसए मधला 'एस' तोच हा. १९७९ च्या परिषदेत त्यांनी एक सुधारणा मांडली आणि १९८१ मध्ये तिचा पूर्ण पेपर छापून आला. त्यांचं निरीक्षण असं की दोन बोटांना अख्खी यादी कधीच लागत नाही. डाव्या बोटाला फक्त 'यापुढची मोठी बेरीज कुठली' एवढं कळलं तरी पुरतं, आणि उजव्याला 'याआधीची लहान कुठली'. मग यादी साठवायची कशाला? मागू तेव्हा पुढचा आकडा बनवून द्या की!

त्यासाठी आकड्यांचे दोनाऐवजी चार गट करायचे. पहिल्या दोन छोट्या याद्यांना प आणि फ म्हणू. डाव्या बोटाला लागणारी मोठी यादी म्हणजे प मधला एक अधिक फ मधला एक, अशा सगळ्या बेरजा. प मधल्या प्रत्येक आकड्याला सुरुवातीला फ मधला सगळ्यात लहान जोडीदार द्या आणि या सगळ्या बेरजा एका हीपमध्ये टाका. हीपच्या माथ्यावर असेल ती सगळ्यात लहान बेरीज. डाव्या बोटाने ती उचलली की त्याच प ला फ मधला पुढचा जोडीदार देऊन परत हीपमध्ये टाका. हीपमध्ये प मधल्या आकड्यांएवढ्याच नोंदी राहतात, कधीच जास्त होत नाहीत. उजव्या बोटासाठी हेच उलट, मोठ्याकडून लहानाकडे.

६० आकड्यांसाठी चार याद्या, प्रत्येकी ३२,७६८ ची. मिळून जेमतेम १ एमबी, वर दोन हीप. १६ जीबीचं काम मोबाईलमध्ये मावेल एवढ्या जागेत! वेळ मात्र पहिल्यासारखाच, फक्त प्रत्येक पावलाला हीपची थोडी उठाठेव वाढते. आणि हॅश टेबलवाल्यांनी इथे परत लक्ष द्यावं: ही युक्ती शक्य झाली ती बोटं क्रमानेच पुढे जातात म्हणून. हॅश टेबलला यादी अख्खीच समोर लागते.

शमीरला हे सगळं कशाला हवं होतं? कारण १९७८ मध्ये राल्फ मर्कल आणि मार्टिन हेलमन यांनी नॅपसॅकवर आधारलेली एक गुप्तलेखन पद्धत छापली होती. साधारण १०० मोठे आकडे जगजाहीर करायचे. संदेशाचे १०० बिट घ्यायचे, ज्या बिटाला १ असेल त्या जागेचा आकडा उचलायचा, आणि सगळ्यांची बेरीज तेवढी पाठवायची. चोराला दिसणार फक्त बेरीज. कुठले आकडे उचलले हे शोधायचं म्हणजे सबसेट सम.

१०० आकडे म्हटले की २ चा १०० वा घात डोळ्यासमोर येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण दोन बोटांनी तो ५० वा घात होतो. तरीही हॉरोविट्झ-साहनींच्या मूळ पद्धतीला प्रत्येक यादीसाठी ९,००० टेराबाइट लागले असते, म्हणजे चोराची अडचण मेमरीची. श्रोपेल-शमीरने ती सुमारे १ जीबीवर आणली. सेकंदाला १० लाख पायऱ्यांच्या मशीनवर अजूनही ३५ वर्षं लागली असती, पण सेकंदाला १०० कोटी पायऱ्यांच्या मशीनवर, हीपचा खर्च सोडला तर, अवघे १३ दिवस. म्हणजे १०० आकड्यांचं कुलूप प्रत्यक्षात ५० बिटांचंच होतं. कुठल्याही कुलपाची ताकद मोजताना दोन भागांत तोडून मध्यावर गाठणारा चोर आधी हिशोबात धरतात, तो याचसाठी.

शेवटी त्या पद्धतीचा निकाल लागला तो वेगळ्याच मार्गाने. मर्कल-हेलमनचे आकडे खरोखर मनमानी नव्हते, सोप्या आकड्यांना वेष चढवून बनवलेले होते. १९८२ मध्ये शमीरने तो वेषच उतरवला, आणि मर्कलने लावलेलं १०० डॉलरचं बक्षीस त्याला मिळालं. वेषावर वेष चढवलेल्या आवृत्तीसाठी मर्कलने १००० डॉलर लावले होते, ते १९८४ मध्ये अर्नेस्ट ब्रिकेलने जिंकले. दोन्हीकडे बोटांची युक्ती लागली नाही. ती आकडे कसेही असले तरी चालते, आणि म्हणूनच आकड्यांमधल्या कच्च्या दुव्याचा तिला फायदाही घेता येत नाही.

आता परत आपल्या बिलांकडे, कारण ही पद्धत प्रत्यक्षात वापरायची तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, रक्कम पैशांत आणि पूर्णांकात ठेवा. रुपयांत दशांश ठेवले की `0.1 + 0.2 == 0.3` हे पायथॉनमध्ये `False` येतं, आणि दोन बोटं बरोबर उत्तरावरून शांतपणे पुढे निघून जातात. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं 'सापडलं नाही'. ओळखायची खूण सोपी: जी रक्कम जुळायलाच हवी अशी एक जुनी, हाताने जुळवलेली पावती टाकून बघा.

दुसरी, यादीत नुसती बेरीज ठेवून भागत नाही. २७ सापडले, पण ते कुठल्या बिलांचे? क्रम लावला की मूळ जागेचा पत्ता हरवतो. म्हणून प्रत्येक बेरजेबरोबर कुठली बिलं घेतली त्याचा एक बिटमास्क ठेवायचा आणि मर्ज करताना दोन्ही बरोबरच हलवायचे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती प्रोग्रॅमची नाहीच. उत्तर सापडलं म्हणजे ते खरं असेल असं नाही. समजा २० बिलं, मिळून २० लाख रुपये, म्हणजे २० कोटी पैसे. निवडीचे प्रकार साडेदहा लाख आणि बेरजेच्या शक्य किमती २० कोटी. एवढ्या मोकळ्या जागेत योगायोगाने पैशापर्यंत जुळणं दुर्मिळ, तेव्हा जुळलं तर बहुधा खरंच. पण तीच बिलं पूर्ण शंभराच्या पटीत असतील तर शक्य किमती उरतात फक्त २०,०००. साडेदहा लाख प्रकार त्यांत वाटायचे, म्हणजे एकेका रकमेला सरासरी ५२ निवडी. प्रोग्रॅम त्यातली पहिली सापडेल ती देतो आणि आपण खुशाल ती बिलं चुकती म्हणून टाकतो. ४० बिलं आणि ४० लाख असतील तर पैशापर्यंत बघूनही सरासरी २,७०० च्या वर निवडी जुळतात! म्हणून पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, सगळी मोजायची.

मोजतानाही एक खाचखळगा आहे. जुळल्यावर दोन्ही बोटं एकेक घर सरकवली तर सारख्या बेरजांच्या जोड्या निसटतात. डाव्या यादीत २७ तीनदा असेल आणि उजवीत ६९ चारदा, तर उत्तरं बारा आहेत. तेव्हा जुळलं की दोन्हीकडचा सारख्या आकड्यांचा पुंजका मोजायचा, गुणाकार करायचा आणि अख्खे पुंजके ओलांडून पुढे जायचं. उत्तर एकच आलं तर बिल चुकतं करा. जास्त आली तर गिऱ्हाईकाला फोन करा. त्याला पर्याय नाही :-)

असो. जाता जाता या युक्तीचं पुढे काय झालं ते सांगतो. आकडे रँडम असतील तर तिच्यापेक्षा वेगवान पद्धत आहे, २०१० मध्ये हॉवग्रेव्ह-ग्रॅहम आणि जू यांनी दिली. मेमरीच्या बाबतीत श्रोपेल-शमीरचा चौथ्या हिश्शाचा घातांक २०२१ मध्ये नेडरलॉफ आणि वेंगझित्स्की यांनी हलवला. किती? ०.२५ वरून ०.२४९९९९ वर! आणि वेळेच्या बाबतीत, आकडे कसेही येऊ शकतात असं धरलं तर, २०२३ मध्ये चेन, जिन, रँडॉल्फ आणि सर्वेडिओ यांनी मुख्य घातांकाला हात न लावता वरचा थोडा खर्च वाचवला. तो मुख्य घातांक, n चा निम्मा, अजूनही तिथेच आहे जिथे साहनी आणि त्यांच्या गुरुजींनी १९७४ ला आणून ठेवला होता. ते पिवळं पुस्तक अजून घरात माळ्यावर असेल, तर पुन्हा उघडाल तेव्हा मुखपृष्ठावरची नावं दोन वेगळ्या माणसांची आहेत हे लक्षात ठेवा.